ब्रेक लाइटचं पिवळं चिन्ह आणि पेडलजवळचा झिजलेला स्विच

प्रश्न: माझी नऊ वर्षं जुनी ऑटोमॅटिक हॅचबॅक आहे. मीटरमध्ये मधूनमधून पिवळा दिवा लागतो, बल्बचं चित्र आणि आत उद्गारचिन्ह. मागचे दोन्ही ब्रेकचे बल्ब बदलले, तरी चिन्ह परत आलं. मागच्या आठवड्यात शेजारच्या काकांनी सांगितलं की गाडी बंद असताना रात्री ब्रेक लाइट चालू होत्या, आणि सकाळी बॅटरी उतरलेली. आता उलटंच झालंय. कधीकधी ब्रेक दाबला तरी लाइट लागत नाही आणि गियर पार्किंगमधून हलत नाही. वायरिंगच खराब झालंय का? पूर्ण हार्नेस बदलावा लागेल असं एकाने सांगितलं.

उत्तर:

हार्नेसला आत्ता हात लावू देऊ नका. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या तक्रारी एकाच जागेकडे बोट दाखवतात. ती जागा म्हणजे ब्रेक पेडलच्या वरच्या टोकाला, डॅशबोर्डखाली बसवलेला अंगठ्याएवढा स्विच, आणि त्या स्विचसमोरचा प्लास्टिकचा एक छोटा स्टॉपर. मी सांगलीत गेली बावीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. दिवे आधी बंद होत नाहीत आणि काही दिवसांनी लागतच नाहीत, हा क्रम मी बऱ्याच गाड्यांत पाहिला आहे. पहिल्या बिघाडातूनच दुसरा कसा जन्मतो ते पुढे सांगतो.

आधी चिन्हाबद्दल, कारण तुमचे बल्बचे पैसे तिथेच गेले. पिवळ्या रंगाचा गोल, बाजूला किरणं आणि आत उद्गारचिन्ह, हे बाहेरचा एखादा दिवा लागत नसल्याचं चिन्ह आहे. याच्यासारखंच दिसणारं एक लाल चिन्ह असतं. त्यात गोलाच्या दोन्ही बाजूंना कंस असतात आणि आत उद्गारचिन्ह असतं. ते हँडब्रेक लागलेला असल्याचं किंवा ब्रेक ऑइल कमी झाल्याचं आहे. हँडब्रेक सोडूनही ते जात नसेल तर गाडी चालवू नये. तिसरं चिन्ह गोलात पाऊल असलेलं, ते फक्त ‘ब्रेकवर पाय ठेवा’ एवढंच सांगतं. तुमचं पहिलं आहे, असं धरून पुढे बोलतो.

हे पिवळं चिन्ह बल्ब डोळ्यांनी बघत नाही. दिव्याच्या लाइनमधून किती करंट जातोय तेवढं ते मोजतं. दोन फिलामेंटच्या 21/5 वॅटच्या बल्बमध्ये ब्रेकचं फिलामेंट 21 वॅटचं असतं, म्हणजे बारा व्होल्टला पावणेदोन अँपिअर. त्यापेक्षा बराच कमी करंट गेला की गाडीला वाटतं बल्ब गेला. बल्ब गेला तर करंट कमी होतोच. पण होल्डरला गंज चढला, अर्थिंगची तार लूज झाली, किंवा स्विचचे पॉइंट जळून सप्लायच अर्धामुर्धा यायला लागला, तरी करंट कमीच होतो. नेहमीच्या बल्बच्या जागी बाजारातला एलईडी बल्ब घातला तरीही हेच होतं, कारण तो मुळातच कमी करंट घेतो. म्हणून चिन्ह लागलं की ‘बल्ब बदला’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. स्विच पूर्ण मेला तर बऱ्याच गाड्यांत हे चिन्ह लागतच नाही. तुम्ही ब्रेक दाबलाय हेच गाडीला कळलेलं नसतं, मग मोजणार काय? चिन्ह नाही म्हणजे ब्रेक लाइट चालू आहेत, अशी खात्री धरू नका. हे गाडीगणिक बदलतं. काही गाड्यांत स्विचमधून थेट बल्बचा करंट जातो. नव्या गाड्यांत स्विच फक्त इशारा देतो आणि दिवे लावायचं काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा छोटा संगणक करतो. तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे ते स्विचच्या कनेक्टरवरून थोडंफार कळतं. दोन तारा असतील तर बहुधा थेट प्रकार, चार असतील तर आत दोन वेगळे स्विच असतात. चारवाल्यात एक स्विच ब्रेक दाबल्यावर जोडतो आणि दुसरा ब्रेक दाबल्यावर तुटतो. इंजिनचा संगणक दोन्हींची तुलना करतो. दोघांची साक्ष जुळली नाही की मीटरवर इंजिनचा किंवा घसरणरोधक यंत्रणेचा दिवा लागतो, आणि स्कॅनर लावला तर P0504 किंवा P0571 असे कोड दिसतात. स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडे गेलात तर ते आधी वाचून घ्या, मिटवून टाकायच्या आधी.

आता स्विच चालतो कसा ते बघू, कारण ते कळलं की तुमचा बिघाड आपोआप उलगडेल. बऱ्याच जणांना वाटतं पेडल दाबल्यावर स्विच दाबला जातो. प्रत्यक्षात उलटं आहे. पाय काढलेला असताना पेडलचा लोखंडी दांडा मागे येऊन स्विचची पिन आत दाबून धरतो, आणि पिन आत असेपर्यंत दिवे बंद राहतात. तुम्ही ब्रेक दाबलात की दांडा स्विचपासून दूर जातो, पिन स्प्रिंगने बाहेर येते आणि आतले पॉइंट जोडले जातात. म्हणजे दिवे बंद ठेवण्यासाठी कुणीतरी पिन सतत दाबून धरायला हवी. पण पेडलच्या दांड्याला त्या ठिकाणी बहुतेक गाड्यांत भोक असतं आणि भोकात रबराचा किंवा प्लास्टिकचा स्टॉपर बसवलेला असतो. पिन लोखंडावर टकटक आपटू नये म्हणून तो असतो. पिन दाबून धरायचं काम हा काही रुपयांचा तुकडा करतो.

वर्षानुवर्षं उन्हात तापलेल्या केबिनमध्ये हा स्टॉपर वाळतो. आधी त्यात पिनेच्या आकाराचा खळगा पडतो. एक-दोन मिलिमीटरचा खळगासुद्धा पुरतो, कारण पिनेला तेवढी मोकळीक मिळाली की पॉइंट अर्धवट जोडले जातात. या काळात खड्ड्यात गाडी आदळली की दिवे लुकलुकतात, आणि मागचा माणूस सांगतो, ‘तुमची लाइट उगाच लागते बघा.’ मग एक दिवस स्टॉपरचा भुगा होतो, पिन सरळ भोकातून आरपार जाते आणि दिवे कायमचे चालू. गाडी लॉक केली तरी चालूच, कारण बहुतेक गाड्यांत ब्रेक लाइटचा सप्लाय चावीवर नसून थेट बॅटरीवरून असतो.

तुमच्या बॅटरीचा हिशेबही जुळतो. दोन बल्ब 42 वॅटचे, म्हणजे साडेतीन अँपिअर. वरची तिसरी लाइट एलईडीची असेल तर तिचं फार धरायला नको. रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तासांत 28 अँपिअर-तास गेले. छोट्या हॅचबॅकची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची असते. उरलेल्यात स्टार्टर फिरत नाही.

दुसरा टप्पा इथेच सुरू होतो. हा स्विच सेकंद-दोन सेकंद जोडून सुटायच्या हिशेबाने बनवलेला असतो. गार फिलामेंटला करंट दिला की पहिल्या क्षणी तो नेहमीच्या सुमारे दहापट ओढतो, त्यामुळे प्रत्येक ब्रेकला पॉइंटवर बारीक ठिणगी पडतेच. वर्षांत हजारो वेळा पडते. अशा झिजलेल्या पॉइंटमधून रात्रभर किंवा आठवडाभर सलग करंट गेला की ते तापतात, काळे पडतात, भोवतीचं प्लास्टिक मऊ होऊन पिन वाकडी बसते. मग स्विच कधी जोडतो, कधी नाही. जोडला तरी पॉइंटवरच एखादा व्होल्ट खातो. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा खूप वेगाने उतरतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. करंटही घटतो आणि पिवळं चिन्ह लागतं. तुमची तीनही लक्षणं, म्हणजे नवे बल्ब घालूनही परत आलेलं चिन्ह, रात्रभर जळलेले दिवे आणि आता मेलेले दिवे, या एका साखळीत बसतात. गियरचंही तेच. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबल्याचा इशारा मिळाल्याशिवाय लिव्हर पार्किंगमधून सुटत नाही.

मागच्या पावसाळ्यात एक शिक्षिका त्यांची गाडी घेऊन आल्या होत्या. त्यांच्या गाडीची बॅटरी महिन्यात दोनदा उतरली होती आणि त्या नवी बॅटरी टाकून बसल्या होत्या. मी बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं. त्यावर निळसर प्लास्टिकचे चार-पाच तुकडे पडले होते, वाळलेल्या नेलपॉलिशच्या टवक्यांसारखे. त्या म्हणाल्या, ‘हे तर मी दोनदा झाडून टाकलं, मुलांच्या खेळण्याचं असेल म्हणून.’ तो त्यांचा स्टॉपरच होता. पेडलच्या मागे टॉर्च मारला तर रिकामं भोक आणि त्यातून बाहेर आलेली पिन दिसली. नवा स्टॉपर दाबून बसवला, दिवे विझले. पण मी तिथे थांबलो नाही. ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि मल्टिमीटरच्या दोन पिना स्विचच्या दोन टोकांना लावल्या. चांगल्या स्विचवर दिवे चालू असताना तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं, 0.2 व्होल्टच्या आत. त्यांच्या स्विचवर 1.6 व्होल्ट दिसले. नुसता स्टॉपर घालून पाठवलं असतं तर महिनाभरात त्या दिवे लागत नाहीत म्हणून परत आल्या असत्या, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्यांना ते कळलंच नसतं. स्विचही बदलला.

म्हणून तुम्ही पहिलं काम हेच करा, मॅट उचलून बघा. तुकडे दिसले तर अर्धं निदान झालं. तुकडे नसले तरी स्टॉपर शाबूत आहे असं समजू नका, कारण गाडी धुणाऱ्याने ते कधीच झाडलेले असतात. गाडी बंद करून, हँडब्रेक लावून, मोबाइलचा टॉर्च घेऊन पेडलच्या दांड्याच्या वरच्या टोकाकडे बघा.

त्यानंतर दिवे चालू राहिलेले असतील त्या वेळी पायाच्या बोटांनी पेडल मागून वर उचला. उचलल्यावर दिवे विझले तर बिघाड स्विचच्या आत नसून अंतरात आहे. स्टॉपर झिजलाय, स्विच ढिला होऊन मागे सरकलाय, किंवा पेडलच्या बिजागरीत धूळ-ग्रीस सुकून पेडल पूर्ण परत येत नाही. उचलूनही विझले नाहीत तर स्विचचा कनेक्टर काढा. काढल्यावर विझले तर पॉइंट आतच चिकटलेत किंवा पिन अडकली आहे. कनेक्टर काढूनही दिवे जळत राहिले, तरच वायरिंगचा संशय घ्यायला जागा आहे. मॉड्यूलवाल्या गाडीत मात्र या शेवटच्या चाचणीवर भरवसा ठेवू नका. तारा तुटल्या असं समजून काही मॉड्यूल सुरक्षेसाठी दिवे स्वतःच लावून ठेवतात.

दिवे लागत नसतील तेव्हा आधी फ्यूज बघा. झाकणावर बहुधा STOP असं लिहिलेलं असतं. तिन्ही दिवे एकाच वेळी गेले तर बल्ब जाण्याची शक्यता फार कमी, फ्यूज किंवा स्विचच. एकच बाजू गेली तर उलट, स्विच निर्दोष आहे आणि तुम्ही होल्डर आणि अर्थ बघा. अर्थ गेल्याची एक ओळख आहे. ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटर किंवा पार्किंग लाइट मंद लुकलुकते, कारण करंटला परत जायला वाट नसल्याने तो दुसऱ्या फिलामेंटमधून वाट काढतो. फ्यूज ठीक असेल आणि कनेक्टर दोन तारांचा असेल, तर कनेक्टर काढून त्याची दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडा. दिवे लागले म्हणजे स्विच मेला. चार तारांच्या कनेक्टरवर हा प्रयोग अंदाजाने करू नका, चुकीची जोडी जोडलीत तर फ्यूज जाईल किंवा मॉड्यूलला नको तो सप्लाय मिळेल. तिथे मल्टिमीटरच वापरायचा.

ही तपासणी एकट्याने करायची असेल तर सीट पुढे सरकवून पेडल आणि सीटच्या मध्ये लाकडी काठी अडकवा आणि मागे जाऊन बघा. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी लावली तर आरशातूनही दिसतं.

आता बसवण्याबद्दल. इथे होणारी चूक दिव्यांपेक्षा धोक्याची आहे. स्विच दोन प्रकारचे मिळतात. जुना प्रकार आट्यांचा, लॉकनटने घट्ट करायचा. त्यात पेडल पूर्ण वर असताना स्विचच्या आट्यांचा शेवट आणि स्टॉपर यांत थोडी फट ठेवतात. माझ्या हातून गेलेल्या गाड्यांत ती अर्धा ते दोन मिलिमीटरच्या आत असते, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा पाळा. दुसरा प्रकार एकदाच सेट होणारा. पिन पूर्ण बाहेर ओढायची, स्विच भोकात घालायचा, पाव फेरा किंवा त्याहून कमी फिरवून लॉक करायचा, पिन स्वतःची लांबी ठरवून घेते. बसवताना पेडल दाबलेलं हवं की मोकळं, हे कंपनीनुसार उलटसुलट असतं, म्हणून नव्या स्विचबरोबर आलेला कागद फेकू नका. आणि हा प्रकार एकदा काढला की तोच परत बसवू नका. त्याची लांबी ठरून गेलेली असते, परत तंतोतंत लागत नाही.

चूक होते ती अशी. दिवे विझत नाहीत म्हणून कुणीतरी स्विच अजून पुढे, अजून पुढे फिरवत जातो. दिवे विझतात, गिऱ्हाईक खूश होतं. पण स्विचने आता पेडलच थोडं दाबून धरलेलं असतं. पेडल पूर्ण परत आलं नाही तर पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमधलं ऑइल टाकीकडे परत जाण्याचं बारीक छिद्र मोकळं होत नाही. ब्रेक तापले की ऑइल फुगतं, त्याला जायला जागा नसते, दाब आतच वाढतो आणि ब्रेक आपोआप जास्त घासायला लागतात. चिपळूणला निघालेली एक गाडी कुंभार्ली घाटातून माझ्याकडे टो करून आली होती. घाटात थांबली तेव्हा चारही चाकं हात लावता येणार नाहीत इतकी तापलेली, करपल्याचा वास, गाडी ढकलली तरी हलेना. आदल्याच दिवशी कुठेतरी ब्रेक लाइटचं काम करून घेतलं होतं. मी स्विचचा लॉकनट सैल करून दोन फेरे मागे घेतला, तसं पेडल टक्कन वर आलं आणि गाडी हलली. पॅड मात्र करपले होते, ते बदलावे लागले.

म्हणून स्विच बसवल्यावर तीन गोष्टी बघूनच गाडी ताब्यात घ्या. पेडल हाताने वर ओढून बघा, ते आणखी वर येत असेल तर स्विच त्याला दाबतोय. मग पेडलला नुसता पाय टेकवून हळू दाबा, ब्रेक पकडायच्या आधीच दिवे लागायला हवेत. शेवटी दहा-बारा किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, स्पर्श न करता. एखादं चाक इतरांपेक्षा जास्त गरम वाटलं तर परत जा.

स्विच येईपर्यंत काय करायचं? स्टॉपर तुटला असेल तर भोकात बसेल असा छोटा बोल्ट, वॉशर आणि नट घट्ट लावला की पिन दाबली जाते आणि दिवे बंद होतात. घरी पोहोचण्यापुरती ही सोय ठीक आहे, कायमची नाही, कारण बोल्टच्या डोक्याची जाडी स्टॉपरसारखी नसते आणि वर सांगितलेलं अंतर बिघडतं. रात्री गाडी उभी करताना स्विचचा कनेक्टर किंवा STOP चा फ्यूज काढून ठेवला आणि दिवे विझले तर बॅटरी वाचेल. पण सकाळी निघताना तो परत लावा. दिवे सतत जळत असतील तर मागच्याला तुम्ही ब्रेक कधी दाबला ते कळत नाही, त्याच्या दृष्टीने ते मेल्यासारखेच. तरी पूर्ण अंधारापेक्षा निदान गाडी दिसते. दोन्ही स्थितींत हायवेवर जाऊ नका, गॅरेजपर्यंतच चालवा आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा, म्हणजे तुम्हाला अचानक ब्रेक मारायची वेळ येणार नाही.

गियर पार्किंगमध्ये अडकला तर जोर लावू नका. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत लिव्हरच्या शेजारी चिमुकलं झाकण असतं. हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून, झाकण काढून आत चावी किंवा स्क्रूड्रायव्हर दाबला की लिव्हर सुटतो. गाडी बटणावर चालू होणारी असेल तर मेलेल्या स्विचमुळे इंजिनही सुरू होणार नाही, फक्त मीटर उजळेल. काही गाड्यांत ब्रेक दाबून बटण 10 ते 15 सेकंद धरून ठेवलं की इंजिन सुरू होतं. मॅन्युअलमध्ये आणीबाणीच्या पानावर बघा.

तुम्हाला दोन सुटे भाग मागवायला सांगतो, स्विच आणि स्टॉपर. रात्रभर जळलेला स्विच मी परत वापरत नाही, मल्टिमीटरवर आज चांगला दिसला तरी. आणि बल्बचे होल्डर एकदा काढून बघा. सलग आठ तास 21 वॅटची उष्णता सोसल्यावर प्लास्टिक वितळून पत्ती आत बसते, आणि मग स्विच नवा घालूनही एका बाजूचं पिवळं चिन्ह जात नाही. कनेक्टरला किती तारा आहेत आणि मॅटखाली काय सापडलं ते इथे लिहा, फोटो टाकलात तर पुढचं नेमकं सांगता येईल.